क्लोजिंगचा आठवडा

महिन्याची पंचवीस तारीख उलटली की आमच्या एजन्सीत माणसांचे आवाज बदलतात. एरवी मोटारसायकल लावून, हेल्मेट काउंटरवर ठेवून, चहा घेत पाऊस-पाण्याच्या गप्पा मारणारी मुलं आत येतात ती फोन कानाला लावूनच. "हो सर, स्टॉकिस्टकडेच आहे सर, बिल पडतंय सर." मग फोन खाली करून माझ्याकडे बघतात. पुढचं वाक्य मला पाठ झालंय. "वहिनी, एवढं बिल घ्या की. पुढच्या महिन्यात मी बघतो सगळं."

सांगलीत आमची औषधांची एजन्सी आहे, सासऱ्यांनी सुरू केलेली. कंपन्यांकडून माल घ्यायचा आणि मेडिकल दुकानांना, हॉस्पिटलांना पुरवायचा. या धंद्यात आम्हाला स्टॉकिस्ट म्हणतात. कंपनीचा जो मुलगा डॉक्टरांना भेटून औषधांची माहिती देतो तो एमआर. आता मुलीही बऱ्याच आल्या आहेत. मी त्यांच्यासारखं काम कधी केलं नाही, पण त्यांच्या कामाचा हिशेब माझ्या वहीत उतरतो. आणि कंपनीतल्या कुणालाही दिसत नाही असं काहीतरी त्या वहीत दिसतं, म्हणून हे लिहिते आहे.

एमआरचं खरं काम संथ आहे. दिवसाला दहा-अकरा डॉक्टर, चार-पाच मेडिकल दुकानं, मध्येच विटा किंवा जतचा दौरा, रात्री जेवायच्या आधी दिवसभराचा रिपोर्ट अ‍ॅपवर भरायचा. डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर पेशंटच्या शेजारी तास-दीड तास बसायचं आणि आत गेल्यावर दोन मिनिटं मिळायची. एखादं नवीन औषध डॉक्टर आधी दोन-चार पेशंटना देऊन बघतात. गुण आला तर हळूहळू लिहायला लागतात. यात महिने जातात. चांगला एमआर हे महिने धीराने काढतो आणि मग ते औषध वर्षानुवर्षं चालतं.

यातलं काहीही पंचवीस ते तीस तारखेच्या दरम्यान घडवून आणता येत नाही. सत्तावीस तारखेला कितीही डॉक्टर भेटले तरी तीस तारखेपर्यंत पेशंट वाढत नाहीत. त्या पाच दिवसांत हलवता येते अशी एकच गोष्ट असते, आणि ती म्हणजे कंपनीने माझ्या नावावर फाडायचं बिल. म्हणून सगळा ताण येऊन थांबतो तो माझ्या काउंटरवर.

इथे दोन प्रकारची विक्री समजून घ्यायला हवी. कंपनी मला माल विकते ती प्रायमरी. मी तो माल दुकानदाराला विकते ती सेकंडरी. सेकंडरीमागे बहुतेक वेळा खरा पेशंट आणि खरी चिठ्ठी असते. प्रायमरीमागे फक्त माझी 'हो' असते. माझ्या रॅकवर माल आधीच पडून असला तरी मी हो म्हटलं की कंपनीच्या डेपोत बिल बनतं आणि त्या मुलाच्या नावावर विक्री चढते. माल माझ्याकडे तीन तारखेला येईना का, बिलावर तीस तारीख असली म्हणजे झालं. आणि बहुतेक कंपन्यांमध्ये टार्गेट, रँक, इन्सेंटिव्ह हे सगळं बांधलेलं असतं ते याच प्रायमरीला.

एका मुलाचा हिशेब सांगते. नाव आणि कंपनी सांगणार नाही, आकडेही सोपे करून सांगते, पण घडलं ते असंच. त्याचे जिल्ह्यात पाच स्टॉकिस्ट. सगळ्यांची मिळून त्याची सेकंडरी महिन्याला ३ लाख ४० हजार. म्हणजे दर महिन्याला एवढ्या किमतीचं औषध खरोखर दुकानांत जात होतं. आदल्या वर्षी हाच आकडा ३ लाख १० हजार होता, म्हणजे त्याचं खरं काम जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढलेलं होतं. टार्गेट होतं महिन्याला ४ लाख. एप्रिलच्या सुरुवातीला पाचही गोडाऊनमध्ये मिळून ३ लाख ४० हजारांचा, म्हणजे महिनाभर पुरेल एवढा माल होता. घाऊक धंद्यात एवढा साठा ठीकच म्हणायचा.

एप्रिलमध्ये त्याने ४ लाखांची बिलं पाडली. बाहेर गेला ३ लाख ४० हजारांचाच माल. उरलेले ६० हजार आमच्या रॅकवर बसले. मे महिन्यात पुन्हा तेच, जूनमध्येही तेच. जूनअखेर त्याची तिमाही बरोबर १२ लाख झाली, शंभर टक्के. कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच्या नावापुढे हिरवा रंग आला, ऐंशी माणसांत चौदावा नंबर लागला, मॅनेजरने टाळ्यांची चित्रं टाकली, मागोमाग सगळ्यांनी टाकली. त्याच दिवशी आमच्या पाच गोडाऊनमध्ये मिळून ५ लाख २० हजारांचा माल होता. एक महिन्याऐवजी दीड महिन्याचा.

जुलैत कंपनीने त्याचं टार्गेट वाढवून ४ लाख ४० हजार केलं. शंभर टक्के करतो म्हणजे अजून करू शकतो, असा त्यामागचा हिशेब. इकडे आम्ही पाचही जणांनी हात आखडता घेतला, कारण आमचं भांडवल अडकलेलं, कंपनीचे पैसे तर एकवीस दिवसांत द्यायचे. जुलैत त्याची प्रायमरी झाली २ लाख २० हजार. बरोबर पन्नास टक्के. चौदावा नंबर गेला आणि एकाहत्तरावा आला, नाव लाल रंगात. ऑगस्टमध्ये ३ लाख, सप्टेंबरमध्ये ३ लाख २० हजार. तिमाहीचे ८ लाख ४० हजार, टार्गेटच्या चौसष्ट टक्के. त्याला लेखी खुलासा मागणारं पत्र आलं.

सप्टेंबरअखेर आमच्याकडचा साठा होता ३ लाख ४० हजार, जिथून सुरू झाला होता तिथेच. आता दोन्ही तिमाहींची बेरीज करून बघा. १२ लाख आणि ८ लाख ४० हजार, म्हणजे २० लाख ४० हजार. ३ लाख ४० हजारांना सहाने गुणा. तेवढेच येतात. सहा महिने तो मुलगा दर महिन्याला एकसारखं काम करत होता. बाजारात काहीच बदललं नव्हतं. पण कंपनीच्या लेखी तो तीन महिने हुशार होता आणि तीन महिने कामचुकार.

मला याचा राग येतो. टार्गेट मोठं असणं हे मी समजू शकते, धंदा आहे, कुणीतरी पुढे ढकलावंच लागतं. पण माणसाला ज्या गोष्टीवर जाहीरपणे जोखलं जातं ती त्याच्या कामाचं माप नसेल, तर तो कितीही राबला तरी त्याला सुटका नाही. शंभर टक्के झालेल्या जूनच्या रात्रीसुद्धा तो खूश नव्हता. मला म्हणाला, "वहिनी, जुलै कसा जाणार हे मला आत्ताच माहीत आहे." जिंकल्याच्या दिवशी पुढची हार दिसत असेल तर माणूस झोपणार कधी?

आता त्या रँकविषयी. पूर्वी नंबर महिन्यातून एकदा मीटिंगमध्ये कळायचे. आता व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर रोज तक्ता येतो, आणि शेवटच्या दोन दिवसांत दर दोन-तीन तासांनी. वर टॉप टेन, खाली बॉटम टेन. नंबर अचिव्हमेंटच्या टक्क्यावर लागतो, आणि नेमकी तिथेच एक गोष्ट कुणी सांगत नाही. चार लाखांच्या टार्गेटवर एक टक्का म्हणजे चार हजार रुपये. चार हजार म्हणजे खोकल्याच्या औषधाचे एक-दोन खोके. ऐंशी माणसांत निम्मी तरी ९२ ते ९८ टक्क्यांच्या मध्ये अडकलेली असतात. त्यामुळे दोन टक्के, म्हणजे आठ हजारांचं एक बिल इकडून तिकडे झालं की माणूस वीस नंबर वर किंवा खाली जातो. कंपनीच्या डेपोच्या संगणकावर बिल रात्री नऊला पडलं की दहाला, यावर त्याचा विसावा नंबर ठरतो की चाळिसावा. त्या वीस नंबरांत कामाचा फरक कणभरही नसतो. पण ते नाव ऐंशी लोक बघतात, आणि बघणाऱ्यांना वाटतं की काहीतरी फरक असणारच.

शिवाय एमआरला नेमून दिलेल्या भागाभागात, म्हणजे टेरिटरीत, फरक आहे. मिरजेला शंभराहून अधिक वर्षांची हॉस्पिटलांची परंपरा आहे, कर्नाटकातून पेशंट येतात. तिथे एका डॉक्टरने लिहिणं थांबवलं तरी दुसरे दहा असतात. लहान गावांच्या टेरिटरीत दोन मोठे डॉक्टर म्हणजे निम्मा धंदा. त्यातले एक मुलाकडे अमेरिकेला तीन महिने गेले, तर तो एमआर तीन महिने लाल रंगात. तक्त्यात डॉक्टर कुठे गेले त्याचा रकाना नसतो.

मीटिंगमध्ये खालच्या नंबरवाल्यांना उभं करून विचारतात. मी तिथे नसते, पण परत आल्यावर मुलं सांगतात. एक मुलगी सांगत होती की उत्तर काय द्यायचं हे कळत नाही असं नाही, सगळ्यांना खरं उत्तर माहीत असतं, विचारणाऱ्यालाही. "स्टॉक जास्त आहे सर" हे ते उत्तर. पण तो स्टॉक भरायला गेल्या महिन्यात त्याच साहेबांनी फोनवर फोन केलेले असतात, म्हणून ते उत्तर देता येत नाही. मग ती म्हणते, "कमिटमेंट देते सर." आणि पुढच्या महिन्याचा आकडा तिथेच, सगळ्यांसमोर, तिच्या तोंडून काढून घेतला जातो.

इन्सेंटिव्हची गोष्ट याच्या पोटातच आहे. त्या मुलाच्या कंपनीची पद्धत अशी: तिमाहीत ९५ टक्क्यांच्या खाली काही नाही. ९५ ला नऊ हजार, १०० ला अठरा हजार. म्हणजे ९४ टक्क्यांवर असलेल्या माणसाला आणि ७० टक्क्यांवर असलेल्या माणसाला सारखंच, शून्य. आणि ९४ वर असलेल्याला एका टक्क्यासाठी, म्हणजे बारा लाखांच्या तिमाहीत बारा हजारांच्या बिलासाठी, नऊ हजार गमवावे लागतात. हे गणित समोर असेल तर कुठलाही शहाणा माणूस काय करील? ते बारा हजारांचं बिल कसंही करून पाडील. काही जण स्वतःच्या खिशातून पाडतात. स्टॉकिस्टला सांगतात, माल तुमच्या नावावर घ्या, विकला नाही तर पैसे माझे. स्वतःचा चेक ठेवतात. काही जण खोके घरी नेऊन ठेवतात आणि पुढे दुकानदारांना तोट्यात देतात. मी अशी घरं बघितली आहेत जिथे पलंगाखाली अ‍ॅन्टासिडच्या बाटल्या होत्या.

या कसरतीतून मिळालेले पैसेही लगेच हातात येत नाहीत. तिमाही संपल्यावर महिना-दोन महिन्यांनी येतात, आणि त्याआधी त्यातून कापाकापी होते. जुनी बाकी असेल तर थांबवतात. एक्स्पायरीचा माल परत गेला तर विक्रीतून वजा होतो. मुदत संपायला थोडे महिने राहिलेलं औषध दुकानदार घेत नाही, मग जूनमध्ये कोंबलेल्या मालातलं जे पडून राहतं ते वर्षभराने परत जातं आणि तेव्हाच्या आकड्यातून कापलं जातं. तोवर कधीकधी टेरिटरीत दुसराच मुलगा आलेला असतो. त्याच्या पहिल्याच महिन्यात आधीच्याची वजाबाकी त्याच्या नावावर. घरच्यांना यातलं काही माहीत नसतं. लग्न ठरवताना पगार इन्सेंटिव्ह धरून सांगितलेला असतो, गाडीचा हप्ता इन्सेंटिव्ह धरून घेतलेला असतो. पगार बावीस हजार आणि हप्ता आठ हजार, मग ते अठरा हजार बक्षीस राहत नाहीत, ते घरभाडं होतं.

ताण कसा दिसतो ते मी काउंटरच्या या बाजूने सांगू शकते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जो मुलगा स्टेटमेंट मागतो, कुठलं औषध कुठल्या दुकानात गेलं हे विचारतो, त्याचं बरं चाललेलं असतं. जो थेट पंचवीस तारखेनंतरच उगवतो आणि साठा किती आहे हे विचारतच नाही, त्याची मला काळजी वाटते. कारण त्याला साठ्याचा आकडा ऐकायचाच नसतो. फोन आला की नाव बघून तो पालथा ठेवायचा, दुपारचा डबा तसाच परत न्यायचा, शेवटच्या आठवड्यात घरात कुणी आजारी असलं तरी रजा मागायची नाही. तिशीतल्या मुलांना बीपीची गोळी चालू झालेली मी बघितली आहे, आणि ती गोळी ते स्वतःच विकत असतात. एकाने मला विचारलं होतं, "वहिनी, छातीत असं धडधडतं ते फक्त एकोणतीस-तीसलाच, मग ते हार्टचं नसेल ना?" मी त्याला तेव्हाच उठवून डॉक्टरांकडे पाठवलं. ज्या डॉक्टरांकडे तो रोज बॅग घेऊन जायचा त्यांच्याकडे पेशंट म्हणून जायला त्याला संकोच वाटत होता.

या मुलांच्या बाजूने कायदा नाही असं नाही. विक्री-संवर्धन कर्मचाऱ्यांसाठी १९७६ सालचा स्वतंत्र कायदा होता. नेमणूकपत्र, रजा, नोकरीच्या अटी हे त्यात आलं. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की एमआर हे औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येतले 'कामगार' नव्हेत, कारण त्यांचं काम त्या व्याख्येत दिलेल्या प्रकारांत बसत नाही. त्यामुळे त्यांचा आधार उरला तो त्या १९७६ च्या कायद्याचाच. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेत 'कामगार' या व्याख्येतच विक्री-संवर्धन कर्मचारी घातले आहेत. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या मुलाला सांगते, कारण अनेकांना आपल्याला 'एक्झिक्युटिव्ह' म्हटलं म्हणजे आपण कामगार नाही असं वाटत असतं. संघटना आहेत, त्यांचा नंबर जवळ ठेवावा. पण कायदा नोकरीच्या अटींचं बघतो. टार्गेट प्रायमरीवर धरायचं की सेकंडरीवर, तक्ता रोज टाकायचा की नाही, हे तो सांगत नाही. ते कंपनीच्या हातात आहे.

सेकंडरीवर टार्गेट धरणाऱ्या कंपन्या आहेत. आमच्याकडेही अशा कंपन्यांचा माल येतो. त्यांची मुलं महिनाअखेरीला येतात तेव्हा स्टेटमेंट घेऊन जातात, बिल पाडा म्हणून मागे लागत नाहीत. त्यांना ताण नसतो असं मी म्हणणार नाही. सेकंडरीही फुगवता येते. दुकानदाराला दहावर तीन फुकट दिले की तो रॅक भरून ठेवतो, मग साठा माझ्याकडून त्याच्याकडे सरकला एवढंच. पण तिथे निदान दुकानात बसून चिठ्ठ्या बघता येतात, कुठला डॉक्टर काय लिहितो ते कळतं, आणि आकडा माणसाच्या कामाच्या बराच जवळ राहतो. इन्सेंटिव्हही काही जण पायरीने न देता टक्क्याच्या प्रमाणात देतात, ८५ ला थोडं, ९० ला त्याहून थोडं अधिक. त्या कंपन्यांच्या मुलांनी बिलासाठी स्वतःचे चेक ठेवलेले मी कधी बघितले नाहीत.

ज्या मुलाचा हिशेब वर सांगितला त्याला मी सप्टेंबरनंतर एक वही करायला लावली. पाच स्टॉकिस्ट, प्रत्येकाचा सुरुवातीचा साठा, आलेला माल, गेलेला माल, उरलेला साठा, आणि शेवटी एक रकाना: हा साठा किती दिवस पुरेल. तीस दिवसांच्या वर गेला की तिथे बिल मागायचं नाही. खुलाशाच्या पत्राला त्याने याच वहीतून उत्तर दिलं, सहा महिन्यांची सेकंडरी आणि सहा महिन्यांची प्रायमरी शेजारी शेजारी लिहून. त्याच्या एरिया मॅनेजरने ते वाचलं आणि फोनवर म्हणाला, "हे वर पाठवू नकोस, मलाच प्रश्न येतील." त्या साहेबालाही आठ मुलांची बेरीज वर दाखवायची असते, आणि त्याचाही एक ग्रुप असतो, त्यातही तक्ता येतो. तरीही त्या मुलाने ते उत्तर पाठवलं. पत्राचं पुढे काही झालं नाही, चांगलं नाही की वाईट नाही. टार्गेट ४ लाख ४० हजारच राहिलं. मात्र त्याने गाडीचा हप्ता पगारात बसेल एवढा कमी करून घेतला, आणि बायकोला पगाराचा खरा आकडा सांगितला.

मी माझ्यापुरतं असं ठरवलं की साठा पंचेचाळीस दिवसांच्या वर गेला की कुठल्याच कंपनीचं बिल घ्यायचं नाही, कुणाचाही चेक ठेवायचा नाही, आणि हे महिन्याच्या पाच तारखेलाच सगळ्या मुलांना स्टेटमेंटसकट सांगायचं, म्हणजे त्यांना ते पंचवीसला कळणार नाही. दोन-तीन मॅनेजर भेटायला आले. एकाने समजून घेतलं. एका कंपनीने आमची एजन्सी काढून घेतली आणि पलीकडच्या गल्लीतल्या नव्या स्टॉकिस्टला दिली. त्यांची एमआर मुलगी आता महिनाअखेरीला तिथे जाते.